एकाच वाक्याचे दोन अर्थ, एकाच क्रियापदाची दोन रूपं: संख्यापकांची व्याप्ती लॅम्डामध्ये

प्रत्येक परीक्षकाने एक पत्रिका तपासली.

हे वाक्य ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा येतो आणि ज्याने त्याने आपापली एक उचललेली दिसते. पण पुनर्तपासणीचा विषय चालू असेल, एकाच वादग्रस्त पत्रिकेवर सगळ्यांचं मत घ्यायचं ठरलं असेल, तर त्याच वाक्यातून दुसरं चित्र उभं राहतं: पत्रिका एक, परीक्षक अनेक. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ हे दोन्ही संख्यापक, म्हणजे क्वांटिफायर. त्यांतला कोणता दुसऱ्याला आपल्या पोटात घेतो, यावरून अर्थ ठरतो. पोटात घेण्याच्या या आवाक्याला व्याप्ती म्हणतात.

वाक्यांचे अर्थ सूत्रांत मांडण्याचा हा विषय शिकणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. वर सांगितली ती दोन चित्रं आहेत, म्हणजे दोन परिस्थिती आहेत. परिस्थिती म्हणजे अर्थ नव्हे. दोन अर्थ असे लिहिले जातात:

```
(१) ∀x[परीक्षक(x) → ∃y[पत्रिका(y) ∧ तपास(y)(x)]]
(२) ∃y[पत्रिका(y) ∧ ∀x[परीक्षक(x) → तपास(y)(x)]]
```

पहिला म्हणतो: कुठलाही परीक्षक घ्या, त्याने तपासलेली एक तरी पत्रिका सापडेल. दुसरा म्हणतो: अशी एक तरी पत्रिका आहे, जी प्रत्येक परीक्षकाने तपासली. पहिल्या अर्थात ‘पत्रिका वेगवेगळ्या होत्या’ असं कुठेही म्हटलेलं नाही. त्या वेगळ्या असू शकतात, काही सारख्या असू शकतात, सगळ्या एकच असू शकतात. सूत्र त्याबद्दल गप्प आहे.

तीन परीक्षक घेऊ, क, ख आणि ग, आणि तीन पत्रिका, १, २ आणि ३. परिस्थिती अ: क ने १, ख ने २, ग ने ३ तपासली. परिस्थिती आ: तिघांनीही फक्त २ तपासली. परिस्थिती इ: क आणि ख ने १, ग ने ३ तपासली. अर्थ (१) तिन्ही परिस्थितींत खरा आहे. अर्थ (२) फक्त आ मध्ये खरा आहे. म्हणजे ‘सगळ्यांची एकच पत्रिका’ हे चित्र काढून दाखवलं आणि ऐकणारा ‘हो, वाक्य बरोबर आहे’ म्हणाला, तर त्याला दुसरा अर्थ ऐकू आला असं सिद्ध होत नाही, कारण तिथे पहिलाही खराच आहे. जिथे (२) खरा तिथे (१) खराच. उलट मात्र होत नाही. पुढे कसोटी लावताना हा मुद्दा लागणार आहे.

आता खरा प्रश्न. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच, व्याकरणाची जोडणीही वरवर तीच. वाक्याचा अर्थ त्याच्या घटकांच्या अर्थांवरून आणि त्यांच्या जोडणीवरूनच ठरतो, हे तत्त्व मानलं तर एका वाक्यातून दोन सूत्रं निघतात कशी? तत्त्व न सोडता उत्तर द्यायचं असेल तर फरक कुठेतरी दाखवावाच लागेल: जोडणीत, नाहीतर एखाद्या घटकात.

त्यासाठी प्रकारांची थोडी तयारी लागते. मूळ प्रकार दोनच धरायचे: `e` म्हणजे वस्तू किंवा व्यक्ती, आणि `t` म्हणजे खरं-खोटं. बाकीचं सगळं यांच्यापासून बनलेली फंक्शनं. `⟨e,t⟩` म्हणजे व्यक्ती घेऊन खरं-खोटं देणारं फंक्शन. ‘परीक्षक’ हे नाम या प्रकारचं. दुसऱ्या शब्दांत, परीक्षकांचा संच. ‘तपास’ या क्रियापदाला आधी कर्म लागतं, मग कर्ता, म्हणून त्याचा प्रकार `⟨e,⟨e,t⟩⟩`. तपास(y)(x) हे ‘x ने y तपासली’ असं वाचायचं, आधी कर्म, मग कर्ता. (‘ने’ हा प्रत्यय, भूतकाळ, क्रियापदाची लिंगानुसार होणारी जुळणी हे सगळं इथे बाजूला ठेवतोय. आपल्या प्रश्नावर त्याने फरक पडत नाही.)

‘प्रत्येक परीक्षक’ मात्र कुणा व्यक्तीचं नाव नाही. गावात ‘प्रत्येक परीक्षक’ नावाचा कुणी माणूस राहत नाही. तो शब्दसमूह एखाद्या गुणधर्माबद्दल काहीतरी सांगतो: हा गुणधर्म सगळ्या परीक्षकांत आहे. म्हणून हा शब्दसमूह गुणधर्म, म्हणजे `⟨e,t⟩`, घेऊन खरं-खोटं देतो, आणि त्याचा प्रकार होतो `⟨⟨e,t⟩,t⟩`. रिचर्ड मॉन्टेग्यू यांनी इंग्रजीवरच्या, १९७३ साली छापल्या गेलेल्या लेखात नामपदांना अशी वागणूक दिली, तिथपासून या क्षेत्राची ही रोजची भाषा झाली.

```
प्रत्येक परीक्षक = λP.∀x[परीक्षक(x) → P(x)]
एक पत्रिका     = λP.∃y[पत्रिका(y) ∧ P(y)]
```

लॅम्डाचं काम साधं आहे. λP म्हणजे ‘मला एक P द्या’. मग जो P मिळेल तो पुढच्या भागात P च्या जागी ठेवायचा.

आता जोडायला बसलं की अडतं. ‘तपास’ ला कर्म म्हणून `e` हवं, आणि हातात आहे `⟨⟨e,t⟩,t⟩`. प्रकार जुळत नाहीत. कर्त्याच्या जागी ही अडचण येत नाही, कारण तिथे संख्यापक स्वतःच फंक्शन होऊन उरलेल्या `⟨e,t⟩` ला गिळतो. कर्माच्या जागी मात्र वाट बंद होते.

इथे दुसरी गल्लत होते, आणि ती मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. ‘कर्माच्या जागचा संख्यापक बसत नाही’ आणि ‘वाक्याला दोन अर्थ आहेत’ या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पुष्कळदा त्या एका दमात शिकवल्या जातात, कारण एकच युक्ती दोन्ही सोडवते. पण पहिली सोडवून दुसरी तशीच राहू शकते. क्रियापदाला असं बदलून पाहा:

```
λQ.λx. Q(λy. तपास(y)(x))
```

याचा प्रकार `⟨⟨⟨e,t⟩,t⟩,⟨e,t⟩⟩`. कर्माच्या जागी आता संख्यापक आरामात बसतो आणि ‘एक पत्रिका तपासली’ हा गुणधर्म मिळतो: λx.∃y[पत्रिका(y) ∧ तपास(y)(x)]. त्यावर ‘प्रत्येक परीक्षक’ लावला की अर्थ (१) हातात येतो. फक्त (१). प्रकारांची कुरबुर पूर्ण मिटली आणि दुसऱ्या अर्थाचा पत्ताच नाही. कारण सरळ आहे: या रूपात कर्ता `e` च्या जागी, सगळ्यात शेवटी, बाहेरून येतो. बाहेरून येणारा संख्यापक बाहेरच राहतो, आणि आधी आत गेलेल्या कर्माला त्याच्या डोक्यावरून उडी मारता येत नाही.

दुसरा अर्थ हवा असेल तर क्रियापदाने दोन्ही जागी संख्यापक स्वीकारायला हवेत. असं करण्याच्या रीती दोन, आणि शेजारी ठेवून बघावं अशी जोडी ही आहे:

```
तपास₁ = λQ.λP. P(λx. Q(λy. तपास(y)(x)))
तपास₂ = λQ.λP. Q(λy. P(λx. तपास(y)(x)))
```

क्रियापदाला असं उचलून त्याच्या अनेक पायऱ्या करण्याची पद्धत हर्मन हेंड्रिक्स यांनी १९९३ च्या ॲम्स्टरडॅममधल्या प्रबंधात पद्धतशीर मांडली. वरच्या दोन्ही रूपांचा प्रकार तोच आहे, कर्मासाठी एक `⟨⟨e,t⟩,t⟩`, कर्त्यासाठी एक, शेवटी `t`. प्रकार तपासणाऱ्याला दोन्ही सारखीच पसंत पडतील. त्यामुळे फक्त प्रकार बरोबर आला म्हणून गणित बरोबर आलं असं समजणं या क्षेत्रात धोक्याचं आहे. इथे प्रकार तंतोतंत जुळतो आणि अर्थ वेगळा निघतो.

कागदावर करून पाहू. दोन्हीकडे आधी Q च्या जागी ‘एक पत्रिका’, मग P च्या जागी ‘प्रत्येक परीक्षक’ घालायचं. पहिल्या रूपाचं असं होतं:

```
तपास₁(एक पत्रिका)(प्रत्येक परीक्षक)
= प्रत्येक परीक्षक(λx. एक पत्रिका(λy. तपास(y)(x)))
= प्रत्येक परीक्षक(λx. ∃y[पत्रिका(y) ∧ तपास(y)(x)])
= ∀x[परीक्षक(x) → ∃y[पत्रिका(y) ∧ तपास(y)(x)]]
```

दुसऱ्या ओळीतून तिसरीत जाताना आतलं कंस आधी सोडवलं. λy. तपास(y)(x) हा गुणधर्म म्हणजे ‘x ने तपासलेली गोष्ट असणं’. त्यातला x अजून मोकळा आहे, आणि बाहेरच्या λx ने तो नंतर धरला. दुसरं रूप:

```
तपास₂(एक पत्रिका)(प्रत्येक परीक्षक)
= एक पत्रिका(λy. प्रत्येक परीक्षक(λx. तपास(y)(x)))
= एक पत्रिका(λy. ∀x[परीक्षक(x) → तपास(y)(x)])
= ∃y[पत्रिका(y) ∧ ∀x[परीक्षक(x) → तपास(y)(x)]]
```

इथे मधला गुणधर्म आहे ‘प्रत्येक परीक्षकाने तपासलेली असणं’. तो पत्रिकांना लागतो, म्हणून त्यावर ‘एक पत्रिका’ चालतो.

एक गोष्ट मुद्दाम थांबून पाहायला हवी. दोन्ही रूपांची सुरुवात λQ.λP अशीच आहे. म्हणजे कर्म आधी आत गेलं, कर्ता नंतर, दोन्ही वेळा. व्याकरणाची जोडणी बदललेली नाही. बदललं ते शरीर: पहिल्यात P बाहेर आणि Q आत, दुसऱ्यात Q बाहेर आणि P आत. कोण आधी स्वीकारला जातो आणि कोणाची व्याप्ती मोठी होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जो आधी जोडला तो आत अडकला’ ही समजूत आधीच्या λQ.λx या रूपापुरती बरोबर होती, कारण तिथे संख्यापक जोडताक्षणी कामाला लागत होता. या उचललेल्या क्रियापदात संख्यापक येतो आणि थांबतो. त्याला कुठे बसवायचं ते क्रियापद ठरवतं. चुकलं आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: P च्या लगेच आत λx असायला हवा आणि Q च्या लगेच आत λy. ही जोडी उलटली, म्हणजे P(λy. …) लिहिलं गेलं, तरी प्रकार जुळतील, पण वाक्य ‘पत्रिकांनी परीक्षकांना तपासलं’ असं होऊन बसेल.

फरक क्रियापदात न दाखवता जोडणीत दाखवण्याची दुसरी परंपराही आहे. मॉन्टेग्यू यांनी संख्यापक नंतर, वेगळ्या नियमाने वाक्यात शिरवला. रॉबर्ट मे यांनी १९७७ च्या एमआयटीमधल्या प्रबंधात संख्यापकाला वाक्यरचनेतच, कानाला न कळता, वर सरकवलं. त्या मताने (२) ची रचना अशी असते:

```
[एक पत्रिका] λy [ [प्रत्येक परीक्षक] λx [ तपास(y)(x) ] ]
```

तपास₂ च्या शरीराशेजारी ही ओळ ठेवा. Q(λy. P(λx. तपास(y)(x))) हेच ते. वाक्यरचनेचं झाड म्हणून उभं केलं काय किंवा क्रियापदाच्या पोटात घडी करून ठेवलं काय, सूत्र तेच निघतं. फरक पडतो तो मर्यादेत. ‘प्रत्येक पत्रिका तपासणारा एक परीक्षक आजारी पडला’ या वाक्याचा अर्थ एकच: सगळ्या पत्रिका तपासणारा कुणी एक होता आणि तो आजारी पडला. ‘दर पत्रिकेमागे कुणी ना कुणी परीक्षक आजारी पडला’ असा अर्थ त्यातून निघत नाही. वर सरकवण्याची मोकळीक दिली तर ‘प्रत्येक पत्रिका’ ला ‘तपासणारा’ च्या बाहेर पडण्यापासून वेगळा नियम करून अडवावं लागतं. आपल्या दोन क्रियापद-रूपांत मात्र ‘प्रत्येक पत्रिका’ आपोआप ‘तपासणारा’ पाशीच अडकते, कारण ‘आजारी पडला’ शी तिचा संबंधच येत नाही. मला हे रूप आवडतं ते मुख्यतः यासाठी. पण अडचण त्याचीही आहे: ‘देणे’ सारख्या तीन जागांच्या क्रियापदाला सहा रूपं मानावी लागतात, आणि ती सहाही कुणाला ऐकू येतात असं नाही.

आता कसोटी. सुरुवातीच्या वाक्यात (२) खरा असेल तर (१) ही खराच असतो, म्हणून त्या वाक्याने उलट्या व्याप्तीचा, म्हणजे नंतर आलेला संख्यापक बाहेर राहण्याचा, पुरावा मिळत नाही. संख्यापकांची जागा बदलली की नातंही पलटतं:

एका परीक्षकाने प्रत्येक पत्रिका तपासली.

इथे क्रमाप्रमाणे येणारा अर्थ जड आहे: कुणी एकाने सगळ्या तपासल्या. उलटा अर्थ हलका आहे: प्रत्येक पत्रिकेला कुणी ना कुणी परीक्षक लाभला. आता हे वाक्य परिस्थिती अ मध्ये म्हणा, जिथे क ने १, ख ने २, ग ने ३ तपासली. जड अर्थ तिथे खोटा, हलका खरा. म्हणून इथे कुणी ‘बरोबर’ म्हणाला, तर त्याच्या व्याकरणात उलटी व्याप्ती आहे असं मानायला भाग पडतं. इंग्रजीत याच मांडणीच्या वाक्याला पुष्कळ लोक फारसं न अडखळता होकार देतात. माझ्या मराठी कानाला वरचं वाक्य परिस्थिती अ मध्ये चुकीचं वाटतं. कुणा एकाच कष्टाळू परीक्षकाची गोष्ट सांगितल्यासारखं ते ऐकू येतं. हलका अर्थ हवा असेल तर मी शब्द हलवतो:

प्रत्येक पत्रिका एका परीक्षकाने तपासली.

आता परिस्थिती अ मध्ये काही खटकत नाही. म्हणजे इंग्रजीत जे काम न ऐकू येणाऱ्या हालचालीवर सोपवलं जातं, ते मराठीत बरंचसं उघड शब्दक्रम करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर: कर्ता आधी असेल तेव्हा तपास₁, कर्म पुढे आणलं की तपास₂. क्रियापद दोन्ही रूपं बाळगतं, पण कोणतं वापरायचं हे क्रमावरून कळतं. आवाजाचा जोर आणि संदर्भ यांनी हे थोडं मागेपुढे होतं, म्हणून कसोटी घेताना वाक्य सपाट आवाजात म्हणून दाखवावं.

मराठीत कसोटीसाठी एक शब्द कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे ‘एकच’. ‘सगळ्यांनी एकच पत्रिका तपासली’ यात ‘प्रत्येकाने फक्त एक’ आणि ‘सगळ्यांनी तीच ती एक’ असे दोन अर्थ आहेत खरे, पण ते ‘एकच’ या शब्दाच्या पोटातून आलेले असू शकतात, व्याप्तीतून नव्हे. ‘एकेक’ चंही तसंच: तो शब्द वाटणी सांगूनच येतो, दुसऱ्या अर्थाला जागाच ठेवत नाही. त्याऐवजी ‘नेमकी एक’ घ्यावा. त्याचं सूत्र λP.∃!y[पत्रिका(y) ∧ P(y)], म्हणजे P असलेली पत्रिका एक आणि फक्त एक आहे.

‘नेमकी एक’ घेतल्यावर एका अर्थातून दुसरा निघण्याचा प्रश्नच मिटतो. परिस्थिती ई घ्या: क ने १ आणि २ तपासल्या, ख ने फक्त २, ग ने २ आणि ३. ‘प्रत्येक परीक्षकाने नेमकी एक पत्रिका तपासली’ याला तपास₁ लावलं तर खोटं, कारण क ने दोन तपासल्या. तेच शब्द उलटून ‘नेमकी एक पत्रिका प्रत्येक परीक्षकाने तपासली’ म्हणा आणि तपास₂ लावा: सगळ्यांनी तपासलेली पत्रिका फक्त २, म्हणून खरं. परिस्थिती अ मध्ये हेच निकाल उलटे लागतात. तिथे पहिलं खरं, आणि सगळ्यांनी तपासलेली पत्रिका एकही नसल्याने दुसरं खोटं.